फोटोतल्या जाहिरातीचा खालचा पट्टा अरबीत नेताना: फोन नंबर, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागात डीटीपी करणाऱ्यांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच फलकावर बसवण्याचा चांगला सराव असतो. या तिन्ही भाषा डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे मजकूर बदलला तरी मांडणी मोडत नाही. अरबीचे काम आले की हीच सवय फसवते. अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, त्याच ओळीतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचले जातात, आणि इंग्रजी लिपीतला संकेतस्थळाचा पत्ताही तसाच. एका ओळीत दोन दिशा आल्या की संगणक स्वतःच्या नियमाने त्यांची जुळणी करतो, आणि ती जुळणी फोन नंबरच्या बाबतीत अनेकदा चुकीची ठरते.

जाहिरातीच्या वरच्या भागातल्या भाषांतरात एखादा शब्द कमी-जास्त झाला तर वाचक समजून घेतो. खालच्या पट्ट्यात, म्हणजे ‘फोन करा’, ‘कोड स्कॅन करा’, ‘संकेतस्थळाला भेट द्या’ या ओळींच्या भागात, एक आकडा हलला तरी सगळी जाहिरात वाया जाते. म्हणून या लेखात फक्त त्या पट्ट्याचे काम पाहू. उदाहरण म्हणून मी केलेले एक काम घेतो, त्यातले नंबर आणि पत्ता बदलून. खाली दिलेले नंबर मुद्दाम अस्तित्वात नसलेले आहेत, आणि `example.com` हा पत्ता अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.

चिकोडी तालुक्यातल्या एका गूळ उत्पादकाने दुकानात लावलेल्या जाहिरातीचा मोबाइलने काढलेला फोटो मला पाठवला. मस्कतमधल्या एका दुकानात लावण्यासाठी तीच जाहिरात अरबीत हवी होती, आणि मूळ फाइल ज्याच्याकडे होती त्याने धंदा बंद केला होता. खालच्या पट्ट्यात मराठी आणि कन्नडमध्ये हे होते: आजच ऑर्डर नोंदवा, घाऊक दरासाठी फोन करा, त्यापुढे देवनागरी आकड्यांत चिकोडीचा लँडलाइन आणि एक मोबाइल, एक १८०० चा टोल फ्री नंबर, ‘अधिक माहितीसाठी उजवीकडचा कोड स्कॅन करा’ आणि कोडाकडे जाणारा बाण, संकेतस्थळाचा पत्ता, आणि शेवटी ‘वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६, रविवारी बंद’.

आधी फोटो नीट वाचणे

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून पहिली विनंती अशी करावी की तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि शक्य असल्यास खालच्या पट्ट्याचा एक वेगळा फोटो समोरून, फ्लॅश बंद ठेवून, सावलीत काढा. लॅमिनेशन केलेल्या जाहिरातीवर ट्यूबलाइटची चमक नेमकी एखाद्या आकड्यावर पडते आणि ३ आहे की ८ हे कळत नाही.

मग सगळा पट्टा कागदावर उतरवून काढावा, आणि आकडे इंग्रजी वळणात लिहून ठेवावेत. या पायरीवर आपल्या भागात एक खास धोका असतो. देवनागरीतला १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा वरून उघड्या 8 सारखा. फोटोतून मजकूर उचलणारे ॲप वापरले तर तेही या दोन ठिकाणी चुकते, कारण एकाच पट्ट्यात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन वळणे असतात. माझा नियम असा की उतरवलेला नंबर मालकाला फोनवर एकेक आकडा उच्चारून वाचून दाखवायचा आणि त्यांच्याकडून ‘बरोबर’ ऐकायचे. संकेतस्थळाचा पत्ताही ब्राउझरमध्ये हाताने टाइप करून उघडून पाहावा. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षराने फरक पडत नाही, पण तिरप्या रेघेनंतरच्या भागात पडू शकतो, म्हणून तो भाग जसा छापला असेल तसाच उतरवावा.

कोड कुठे नेतो हे पाहणे

क्यूआर कोडाला भाषांतर लागत नाही, असे समजून अनेक जण फोटोतला कोड कापून नव्या जाहिरातीत चिकटवतात. यात दोन चुका एकत्र होतात. फोटोतला चौकोन थोडा तिरपा आणि धूसर असतो, त्यामुळे छापल्यावर तो वाचला जाईलच असे नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे कोडात काय आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. आधी तो वाचावा. फोनच्या कॅमेऱ्यानेही चालते, पण पूर्ण मजकूर जसाच्या तसा दिसणे महत्त्वाचे आहे, म्हणून मी संगणकाच्या कमांड लाइनवर `zbarimg` हा कोड वाचणारा प्रोग्राम वापरतो:

```
zbarimg --raw photo.jpg
```

उत्तराची सुरुवात पाहावी. `https://` असेल तर पान आहे. `https://wa.me/` असेल तर व्हॉट्सॲप उघडणारा दुवा आहे. `upi://pay` असेल तर तो पैसे घेण्याचा कोड आहे. मस्कतच्या ग्राहकाला ‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’ असे सांगून त्या कोडाकडे पाठवणे चुकीचे ठरेल, तेव्हा तो कोड तसाच पुढे न्यायचा नाही. आणि पत्ता एखाद्या आखूड दुव्यांच्या सेवेचा असेल तर त्या सेवेची वर्गणी चालू आहे का, हे मालकाला विचारावे, कारण ती बंद झाली की छापलेला कोड मरतो. कोडातले डोमेन आणि जाहिरातीवर छापलेले डोमेन एकच आहे का, हेही ताडून पाहावे. दुकानाच्या भिंतीवरच्या फोटोत मूळ कोडावर दुसऱ्या कोणी स्टिकर चिकटवलेला असू शकतो, आणि तो नुसत्या नजरेला कळत नाही.

गुळाच्या जाहिरातीतला कोड संकेतस्थळाच्या मराठी पानावर जात होता. इथे थांबून मालकाशी बोलावे लागले. अरबीत ‘अधिक माहितीसाठी कोड स्कॅन करा’ असे लिहिले आणि ग्राहकासमोर मराठी पान उघडले, तर त्या ओळीने दिलेला शब्द मोडला. यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे संकेतस्थळावर एक छोटे अरबी पान करून घेणे आणि त्याचा पत्ता `/ar` असा ठेवणे. दुसरा, अरबी पान होणार नसेल तर इंग्रजी पानाकडे पाठवून कोडाखाली तसे स्पष्ट लिहिणे:

```
الصفحة باللغة الإنجليزية
```

म्हणजे ‘हे पान इंग्रजीत आहे’. आमच्या मालकाने अरबी पान करून घेतले. पानाच्या पत्त्यातला शेवटचा भाग मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवावा. अरबी अक्षरे पत्त्यात घातली तर कोड बनवताना प्रत्येक अक्षराची टक्केचिन्हे आणि आकडे मिळून सहा चिन्हे होतात, कोड दाट होतो, आणि दाट कोड लांबून वाचला जात नाही.

नंबर परदेशातून लागणारे करणे

भाषांतराच्या आधी करायचे हे तिसरे काम. ०८३३८ ने सुरू होणारा लँडलाइन मस्कतहून तसा लावला तर लागणार नाही. सुरुवातीचा शून्य काढून देशाचा क्रमांक लावावा लागतो, म्हणजे `08338-000123` हा `+91 8338 000123` होतो. बेळगाव शहराच्या 0831 चेही तसेच, `+91 831` आणि पुढचे सात आकडे. मोबाइलला `+91` आणि पूर्ण दहा आकडे. आपल्याकडे मोबाइलच्या आधीही काही जण शून्य छापतात. तो इथे राहिला तर नंबर चुकतो.

भारतातले १८०० चे टोल फ्री नंबर देशातल्या ग्राहकांसाठी असतात आणि परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून तो नंबर अरबी जाहिरातीतून काढून टाकावा. ‘मिस्ड कॉल द्या’ अशी ओळ असेल तर तीही काढावी. त्याचे शब्दशः अरबी करता येईल, पण वाचणाऱ्याला त्यातून काय मिळणार हे कळणार नाही. त्या जागी व्हॉट्सॲप द्यावे. व्हॉट्सॲपचा दुवा करताना अधिकचिन्ह, नंबरच्या आधी जोडलेला शून्य, मोकळी जागा आणि आडव्या रेघा सगळे काढायचे असते:

```
https://wa.me/910123456789
```

वेळेची ओळही इथेच सुधारावी. ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्या सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळा तिथे साडेआठ ते साडेचार होतात. ‘रविवारी बंद’ हे लिहिणे आवश्यकच आहे, कारण ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि रविवार हा कामाचा दिवस. आम्ही वेळ मस्कतच्या घड्याळाप्रमाणे दिली आणि ‘मस्कत वेळेनुसार’ असे पुढे लिहिले.

आता ओळींचे अरबी

इथपर्यंत एकही अरबी शब्द लागला नाही, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. जागा, नंबर आणि पान पक्के झाल्याशिवाय शब्द निवडता येत नाहीत. आता शब्दांकडे वळू.

मराठीतले ‘करा’ आदरार्थी असते आणि स्त्री-पुरुष, एक-अनेक सगळ्यांना चालते. अरबीत आज्ञार्थाची रूपे वेगळी आहेत: ‘फोन करा’ हे एका पुरुषाला एक, एका स्त्रीला दुसरे, अनेकांना तिसरे.

```
اتصل بنا
اتصلي بنا
اتصلوا بنا
```

जाहिरातींत पहिले आणि तिसरे रूप दिसते. दुकानातल्या जाहिरातीसाठी मी तिसरे, म्हणजे अनेकवचनी रूप निवडतो, कारण ते आपल्या ‘करा’ला सर्वांत जवळचे आहे. कोणतेही घ्यावे, पण एका पट्ट्यात एकच चालवावे. एका ओळीत एकवचन आणि दुसरीत अनेकवचन आले की दोन ठिकाणांहून तुकडे आणून जोडल्यासारखे दिसते. क्रियापद टाळूनही काम भागते: ‘मागणीसाठी’, ‘चौकशीसाठी’ अशी नामाची रचना अरबीत सहज बसते आणि ती आखूडही असते. शेवटी पट्टा असा झाला:

```
للطلب: تواصلوا معنا عبر واتساب
لمعرفة أسعار الجملة، اتصلوا بنا على الرقم:
لمزيد من المعلومات، امسحوا الرمز
زوروا موقعنا الإلكتروني
```

पहिली ओळ ‘मागणीसाठी व्हॉट्सॲपवर आमच्याशी संपर्क साधा’, दुसरी ‘घाऊक दर जाणून घेण्यासाठी या क्रमांकावर फोन करा’, तिसरी ‘अधिक माहितीसाठी कोड स्कॅन करा’, चौथी ‘आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’. ‘ऑर्डर नोंदवा’मधल्या ‘नोंदवा’चे शब्दशः अरबी केले तर कुठल्या तरी वहीत नोंद करायला सांगितल्यासारखे वाटते, म्हणून ते सोडले. तिसऱ्या ओळीतल्या क्रियापदाचा अर्थ ‘पुसा’ असाही होतो, पण ‘कोड’ हा शब्द लगेच पुढे असल्याने वाचकाचा गोंधळ होत नाही. तो शब्द गाळून नुसते क्रियापद मात्र लिहू नये.

आपल्या भागात उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत, आणि अरबीचे काम आले की ते उर्दूच्या जाणकाराकडे जाते. लिपी ओळखीची असल्याने त्यांची मदत मोलाची असते, पण भाषा वेगळी आहे आणि कळफलकही वेगळा. उर्दू कळफलकावरची काही अक्षरे दिसायला सारखी असून संगणकाच्या लेखी वेगळी आहेत. डावीकडे अरबीचे, उजवीकडे उर्दूचे:

```
U+0643 / U+06A9
U+064A / U+06CC
U+0647 / U+06C1
```

ही अनुक्रमे क, य आणि ह यांची अक्षरे. उर्दूची घातली तर काही अरबी फॉन्टांत ती अक्षरे वेगळ्याच वळणाची किंवा रिकामे चौकोन होऊन येतात, शब्दाच्या शेवटी ‘य’चे दोन ठिपके नाहीसे होतात, आणि अरब वाचकाला ते अशुद्ध दिसते. म्हणून कळफलक ‘अरबी’ निवडूनच टाइप करावे. नस्तालिक वळणाचा फॉन्टही टाळावा, कारण त्यात लिहिलेले अरबी उर्दू वाटते. नोटो नस्ख अरबी किंवा ताजवाल यांसारखे मोफत युनिकोड फॉन्ट चांगले आहेत. आणखी एक बारीक गोष्ट: वरच्या ‘फोन करा’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली, म्हणजे अलिफाखाली, हम्जाचे छोटे चिन्ह नसते. तिथे हम्जा घालणे ही अरबांच्या फलकांवरही दिसणारी चूक आहे, पण ती आपण करू नये. आणि शेवटी हा पट्टा ज्याची मातृभाषा अरबी आहे अशा एका माणसाला दाखवावाच. आमच्यासाठी मस्कतच्या दुकानदाराने तो पाहिला.

दिशेचा प्रश्न

आता सर्वांत घातक जागा. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ग्राहकासाठी मी अरबी पत्रक केले होते. मोबाइल नंबर आपल्या नेहमीच्या पद्धतीने पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत टाइप केला आणि तो अरबी ओळीच्या शेवटी ठेवला. पडद्यावर दहा आकडे दिसत होते, म्हणून मी पुढे गेलो. छापून आल्यावर कळले की दोन गटांची अदलाबदल झाली होती. असे झाले होते, उदाहरणाच्या नंबरात सांगायचे तर:

```
टाइप केलेले:  +91 01234 56789
छापलेले:     56789 01234 91+
```

प्रत्येक गटातले आकडे बरोबर, गटांचा क्रम मात्र उलटा. उलटलेला नंबरही दहा आकडीच राहतो, आणि मूळ नंबरचा दुसरा गट ६ ते ९ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल तर तो खराखुरा नंबर वाटतो आणि कोणा अनोळखी माणसाला लागतो. ती पत्रके पुन्हा छापून द्यावी लागली, आणि दरम्यान कोणा तिऱ्हाइताला किती अरबी फोन गेले असतील याचे मला आजही वाईट वाटते.

याचे कारण समजून घेतले तर चूक पुन्हा होत नाही. युनिकोडच्या द्विदिशा नियमानुसार एकमेकांना चिकटलेले आकडे हा एक गट धरला जातो आणि तो डावीकडून उजवीकडे ठेवला जातो. पण दोन गटांमधली मोकळी जागा स्वतःची दिशा बाळगत नाही, ती भोवतालच्या परिच्छेदाची दिशा घेते. परिच्छेद अरबी असल्याने गट उजवीकडून मांडले जातात. सुरुवातीचे अधिकचिन्हही तसेच उजव्या टोकाला जाते. मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ घातली तरी अरबी अक्षरांनंतर तेच घडते. सगळे आकडे सलग लिहिले तर आकडे शाबूत राहतात, अधिकचिन्ह मात्र उलट्या बाजूला जाते.

उपाय तीन आहेत, आणि मी त्यांतला पहिलाच सहसा वापरतो. नंबरची वेगळी मजकूरचौकट करावी, तिच्या परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवावी, आणि ती अरबी ओळीखाली बसवावी. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये हे जमते आणि पुढे कोणी मजकूर हलवला तरी बिघडत नाही. नंबर ओळीतच हवा असेल तर इनडिझाइनमध्ये तेवढा भाग निवडून `Character Direction` ला `Left-to-Right` करावे. त्याआधी परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` लावलेला असला पाहिजे, नाहीतर अरबी अक्षरे सुटी-सुटी आणि उलटी येतात. तिसरा उपाय म्हणजे नंबरच्या आधी U+2066 आणि नंतर U+2069 ही अदृश्य चिन्हे घालणे. जुन्या सॉफ्टवेअरला ती कळत नसतील तर नंबरच्या आधी नुसते U+200E चालते. वर्डमध्ये `200E` टाइप करून `Alt+X` दाबले की ते चिन्ह येते. अरबी पानावर, म्हणजे संकेतस्थळात, असे लिहावे:

```
<bdi dir="ltr">+91 01234 56789</bdi>
```

संकेतस्थळाचा पत्ता इंग्रजी अक्षरांचा असल्याने बहुतांश टिकून राहतो. शेवटी तिरपी रेघ असेल तर मात्र ती उडी मारून पत्त्याच्या डाव्या टोकाला जाते आणि `/example.com` असे दिसते. म्हणून शेवटची रेघ काढूनच टाकावी, पत्त्याला स्वतःची ओळ द्यावी, आणि तो दोन ओळींत तुटू देऊ नये. पत्ता अरबी अक्षरांत लिप्यंतर करून लिहिणे हा तर अपायच आहे. तसा टाइप केलेला पत्ता कुठेही उघडत नाही.

आकड्यांच्या वळणाचा प्रश्न याच जागी येतो. आखाती देशांत 0 ते 9 ही वळणेही चालतात आणि अरबी-हिंदी म्हटली जाणारी वळणेही. मी फोन नंबरासाठी 0 ते 9 च ठेवतो, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे: बेळगावात बसून प्रूफ तपासणाऱ्या माणसाला ती वाचता येतात. दुसऱ्या वळणांत मराठी डोळा हमखास फसतो.

```
0 = ٠
4 = ٤
5 = ٥
6 = ٦
```

पाचाचा आकार आपल्याला शून्य वाटतो, खरा शून्य हा नुसता ठिपका असतो, चार आपल्या सहासारखा आणि सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये `Digits` या यादीत `Hindi` असा पर्याय असतो. तो निवडला तर देवनागरी आकडे येत नाहीत, ही वरची अरबी वळणे येतात. आपल्याला हवे असलेले 0 ते 9 त्या यादीत `Arabic` या नावाखाली आहेत. नावांचा हा उलटफेर ऐतिहासिक आहे, पण घाईत असलेल्या मराठी ऑपरेटरला तो नक्की चुकवतो.

मांडणी उलटताना कोड आणि बाण

अरबी जाहिरातीची मांडणीही उजवीकडून सुरू होते, म्हणून मूळ फलक आरशात दिसल्यासारखा फिरवला जातो. मूळ जाहिरातीत मजकूर डावीकडे आणि कोड उजवीकडे होता. अरबीत मजकूर उजवीकडे आणि कोड डावीकडे आला. ‘उजवीकडचा कोड’ यातला ‘उजवीकडचा’ हा शब्द म्हणूनच अरबीत घेतलाच नाही, आणि बाण डावीकडे वळवला. पण फिरवायच्या त्या फक्त जागा. कोड स्वतः आरशात उलटा होता कामा नये. सगळे घटक एकत्र निवडून ‘फ्लिप’ दाबले की नेमके तेच होते. ओळखायची खूण सोपी आहे: सरळ कोडात तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि उजवीकडचा खालचा कोपरा त्याविना असतो. डावीकडचा खालचा कोपरा मोकळा दिसला तर कोड उलटा झाला आहे. काही फोन उलटा कोडही वाचतात, त्यामुळे स्वतःच्या फोनवर चालला म्हणून निश्चिंत होऊ नये.

कोड नव्याने बनवावा. मी कमांड लाइनवरच `qrencode` या प्रोग्रामने एसव्हीजी स्वरूपात करतो, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात:

```
qrencode -t SVG -l Q -m 4 -o kod.svg "https://example.com/ar"
```

यात `-l Q` म्हणजे कोडाचा साधारण २५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल इतकी राखीव माहिती, आणि `-m 4` म्हणजे भोवती चार घरांइतकी पांढरी मोकळी जागा. ही मोकळी जागा डिझाइनर सर्वांत आधी कापतात, कारण ती रिकामी वाटते. पण तिच्याविना कोडाची कड फोनला सापडत नाही. वरच्या पत्त्याचा कोड २९ घरांचा येतो, मोकळ्या जागेसह ३७. आकाराचा अंदाज असा की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाइतकी कोडाची बाजू हवी. दुकानाच्या काउंटरसमोर दोन मीटरवरून वाचायचा तर वीस सेंटिमीटर. आमच्या गुळाच्या जाहिरातीत तेवढी जागा नव्हती, म्हणून बारा सेंटिमीटरचा कोड ठेवून जाहिरात काउंटरच्या जवळ लावायला सांगितली.

छपाईआधीची तपासणी

पट्टा तयार झाला की मी पीडीएफ कागदावर छापतो आणि ज्याने काम केलेले नाही अशा माणसाच्या हातात देतो. त्याने कागदावरून नंबर मोबाइलमध्ये दाबायचा, पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करायचा, आणि कोड एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर स्कॅन करायचा, दुकानाचे वायफाय बंद ठेवून. मी स्वतः हे करत नाही, कारण नंबर मला पाठ झालेला असतो आणि डोळा चुकीच्या आकड्याच्या जागीही बरोबर आकडा वाचतो. या वेळी त्याच प्रूफचा फोटो मस्कतला पाठवला, आणि तिथल्या दुकानदाराने कागदावरून नंबर लावला. चिकोडीत फोन वाजला, तेव्हाच नंबर पक्का धरला.

छपाई कोल्हापूरला होणार होती आणि तिथे अरबी फॉन्ट असण्याची खात्री नव्हती. म्हणून सगळा अरबी मजकूर कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ पाठवली. कर्व्ह केल्यानंतर अक्षरे जोडलेली आहेत का आणि नंबर जागेवर आहे का, हे पुन्हा एकदा पाहावे लागते, कारण या पायरीवरही काही सॉफ्टवेअर दिशा विसरते. अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल तर तेही इथेच दिसते: अरबी अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, आणि मराठी मथळ्याला देतो तसे ट्रॅकिंग दिले की शब्द मध्येच तुटतो. ते शून्यावर आणावे, आणि ओळ मोठी दिसायला हवी असेल तर फॉन्टचा आकार वाढवावा. फ्लेक्स छापून आल्यावर पहिल्या प्रतीवरचा कोड पुन्हा एकदा स्कॅन करून मगच बाकीच्या प्रतींना होकार दिला.